‘मग तो वेगळा कसा?’

काली व्याघ्र प्रकल्पातल्या कुळगीच्या माझ्या व्हिडिओखाली आलेला प्रश्न: “दादा, मग तो वेगळा कसा? दोघं एकत्र राहतात का?” आधीचा भाग पाहिलेल्याला ‘तो’ म्हणजे काळा बिबट्या आणि ‘दोघं’ म्हणजे तो नि ठिपक्यांचा बिबट्या, हे कळतं. उत्तराचा व्हिडिओ मात्र बहुतेकांपुढे सुटाच जाणार. त्यांच्यासाठी ‘तो’ही नाही आणि ‘दोघं’ही नाहीत.

म्हणून पहिलं वाक्य: “काली व्याघ्र प्रकल्पातला काळा बिबट्या ही ठिपक्यांच्या बिबट्यापेक्षा वेगळी जात आहे का, असं एकाने विचारलंय. नाही.” सर्वनामांच्या जागी नावं घातली, जागा सांगितली. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सोडून दिला; दोन प्रश्न एकदम मांडले की ऐकणारा दोन्ही विसरतो.

ते ‘नाही’ लगेच यायला हवं. “काळा बिबट्या ही वेगळी जात!” असं ठोकून मग खोडायचा मोह होतो, कारण त्याने लोक थांबतात. पण दुसऱ्याच सेकंदाला पुढे सरकणारा माणूस चुकीचंच घेऊन जातो. गैरसमज प्रश्नाच्या रूपातच बोलावा.

प्रश्न पडद्यावरही लिहायचा, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. मूळ प्रतिसादाची चौकट चिकटवली तर तिच्यात पुन्हा तोच ‘तो’. ती छोटी ठेवून खाली माझं पूर्ण वाक्य, दोन ओळींत. अगदी तळाशी मात्र नाही, तिथे चॅनेलचं नाव आणि मथळा येतो. उजव्या कडेला बटणं.

आता उत्तर. बिबट्यात काळा रंग अप्रभावी जनुकामुळे येतो. आई-बाप दोघेही ठिपक्यांचे असले, पण दोघांकडे त्या जनुकाची एकेक प्रत असली, तर प्रत्येक पिल्लू काळं निघण्याची शक्यता चारात एक. म्हणजे एकाच वेतात दोन्ही रंगांची पिल्लं असू शकतात. एकत्र राहतात का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळून जातं. दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारमध्ये हाच काळा रंग प्रभावी जनुकाने येतो. गमतीची गोष्ट, पण या व्हिडिओत नको, नवा माणूस गोंधळेल.

दाखवायचं काय? काळ्या बिबट्याच्या अंगावर ठिपके असतातच. तिरप्या उन्हात ते उमटतात. रात्रीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तर बरेच स्पष्ट दिसतात. “वेगळी जात नाही” हे वाक्य त्याच चित्रावर बोलायचं. जंगलातला नुसता काळा ठिपका लांबून दाखवला, तर शंका उलट वाढते.

ओल्या, दाट जंगलात काळे बिबटे जास्त आढळतात, हे शेवटी एका वाक्यात. ‘सावलीत लपायला सोपं म्हणून’ हे कारण छातीठोक सांगू नये. तो अंदाज आहे, तेव्हा ‘असावं’ म्हणायचं.

नाव विचारणाऱ्याचं घेतलं नाही, “एकाने” पुरतं. आणि “नक्की कुठे दिसला?” असं खाली कुणी विचारलंच, तर त्याचा व्हिडिओ करायचा नाही. नेमकी जागा सांगितली की दुसऱ्या दिवशी तिथे जिपा उभ्या राहतात.