तीन बादल्या

आजीच्या मोरीत तीन बादल्या असायच्या. एकीत पांढरं भिजायचं, दुसरीत रंगीत. तिसरीत बाबांचे कंपनीचे कपडे. बाबा तळोज्याच्या एमआयडीसीत होते आणि घरी येताना त्यांच्या कपड्यांना ग्रीसचा, केमिकलचा वास यायचा. त्या तिसऱ्या बादलीला आम्ही मुलांनी हात लावायचा नाही, आणि तिच्यातलं पाणी दुसऱ्या कपड्यांवर पडू द्यायचं नाही, असा आजीचा नियम होता.

धुणं मात्र कासाडीवर व्हायचं. दारात विहीर होती, पण आजी धुण्याची घमेली डोक्यावर घेऊन नदीलाच जायची. विहिरीच्या पाण्याला फेस येत नाही, साबण नुसता दह्यासारखा फाटतो, असं ती सांगायची. "पानी बघून साबन घ्यायचा गो," हे तिचं वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की त्याचा अर्थ विचारावासाच वाटला नाही. उन्हाळ्यात नदी आटली की नाइलाजानं विहिरीवर धुवायची, तेव्हा पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकायची. मग त्याच पाण्यात साबण चालायचा.

मला ते कळायला पुढची वीस वर्षं लागली. विहिरीच्या पाण्यात चुना जास्त. साबण त्या चुन्याशी लागला की चिकट साका होतो आणि तो कपड्यावर बसतो. सोडा आधी टाकला की तो चुन्याला बाजूला काढतो आणि साबण मळाला मोकळा राहतो. आज बाजारात मिळणाऱ्या धुण्याच्या पावडरीत आजीची ही मूठ आधीच घातलेली असते. लिक्विडमध्ये सोडा नसतो किंवा फार थोडा असतो. त्यात मुख्य काम करतात ते तेल सोडवणारे घटक आणि डाग तोडणारी एन्झाइम्स. पावडर की लिक्विड, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आजीच्या काळात एवढी निवड नव्हती. पिवळसर साबणाची वडी सुरीनं कापून वापरायची. सर्फ भारतात १९५९ साली आलं आणि निरमा १९६९ साली, पण आमच्या घरात पिवळी पावडर आली ती मी शाळेत जायला लागल्यावर. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ. आता तळोज्यातच गॅलेक्सी सर्फॅक्टंट्ससारखे कारखाने डिटर्जंटला आणि शांपूला लागणारे मळ सोडवणारे घटक बनवतात. आणि त्याच कासाडीत आता कुणी धुणं नेत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळे झालेले कुत्रे दिसले, ते बहुतेकांना आठवत असतील. डिटर्जंटमध्ये वापरायचा निळा रंग एका कारखान्यातून नदीत सोडला जात असल्याच्या बातम्या आल्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं तो कारखाना बंद करायला लावला. आजीची निळीची पुडी आठवून मला फार वाईट वाटलं होतं.

आता मी तळोज्याच्या फेज वनमध्ये राहते, सातव्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचे टॉवेल पुठ्ठ्यासारखे कडक व्हायला लागले. त्याच महिन्यात मुलीच्या काळ्या कुर्त्यावर पांढरे पट्टे उमटले. मी पावडर बदलली, लिक्विड आणलं, पुन्हा पावडरीवर आले. टॉवेलांत फरक नाही. मग आजीचं वाक्य आठवलं. सोसायटीच्या टाकीत काही दिवस पाइपलाइनचं पाणी असतं आणि काही दिवस टँकरचं. दोन बाटल्या घेतल्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्ही अर्ध्या. दोन्हीत अंघोळीच्या साबणाचा सारखाच किसलेला चुरा टाकून जोरात हलवलं. डिटर्जंट टाकायचं नाही, त्याला जड पाण्यातही फेस येतो. आरओच्या बाटलीत फेस उभा राहिला, नळाच्या बाटलीत पाणी गढूळ झालं आणि वर साका तरंगला. त्या आठवड्यात टँकर आले होते.

तेव्हापासून घरात दोन्ही ठेवते. टॉवेल, चादरी, चिखलानं माखलेले मोजे यांना पावडर, आणि टँकरच्या आठवड्यात पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेलं माप. गडद आणि तलम कपड्यांना लिक्विड, कारण ते गार पाण्यात आणि छोट्या प्रोग्रॅममध्येही पूर्ण विरघळतं. काळ्या कुर्त्यावरचे पट्टे न विरघळलेल्या पावडरीचे होते. पाण्याचा दाब कमी असला की ट्रेमध्येच पावडरीची ढेप बसते, ती बोटानं लगेच कळते. कॉलरचा तेलकट मळ असेल तर लिक्विडचे चार थेंब थेट त्यावर चोळून दहा मिनिटं ठेवते. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र एन्झाइमवालं काहीच नको, ती एन्झाइम्स धाग्यालाच खातात.

हळदीचं वेगळं. पावडर लागली की डाग लाल होतो आणि माणूस घाबरतो. सोड्यानं हळद लाल होते, एवढंच. धुऊन उन्हात टाकलं की तो फिका पडतो. आजी कुणाचं डागाळलेलं लुगडं असं दोन दिवस कुंपणावर टाकायची.

मशीनची माझी मोठी चूक गेल्या श्रावणात कळली. सगळ्यांचे कपडे, म्हणजे टेरिकॉटचे शर्ट, शाळेचा गणवेश, कुर्ते, जीन्स, टॉवेल, चादर, एकदाच कोंबून 'मिक्स' वर लावले. बाहेर आले तेव्हा शर्ट चुरगळलेले आणि जीन्स बुळबुळीत. पुस्तिका काढून वाचली. सात किलो हा आकडा सुती कपड्यांचा होता, मिक्ससाठी आमच्या मशीनला जेमतेम साडेतीन. मग बाथरूमच्या काट्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं. सव्वासहा किलो भरलं.

आता त्याच कपड्यांचे दोन भाग करते. टॉवेल, चादर आणि जीन्स सुती प्रोग्रॅमवर, ४० अंश, पावडर, पिळणं हजार फेऱ्यांवर. बाकीचे साधारण तीन किलो मिक्सवर, ३० अंश, लिक्विड, पिळणं ८०० फेऱ्या आणि एक जादा खळबळणं. मिश्र कपड्यांत प्रोग्रॅम ठरवायचा तो सगळ्यात नाजूक कपड्याकडे बघून, सगळ्यात मळक्याकडे बघून नाही. मळक्याला आधी हातानं घासून घ्यावं. शेवटच्या पाण्यातही काचेवर फेस दिसला तर डिटर्जंट जास्त झालं, पुढच्या वेळी माप कमी करायचं.

सतत गार पाणी आणि लिक्विड वापरलं की दाराच्या रबराला कुबट वास येतो. म्हणून महिन्यातून एकदा रिकामं मशीन पावडर घालून ६० अंशांवर फिरवते.

नवराही आता एमआयडीसीतच आहे. त्याचे कंपनीचे कपडे मी अजून वेगळे धुते, मुलीच्या कपड्यांबरोबर कधीच नाही, आणि त्यानंतर एकदा रिकामं मशीन नुसत्या पाण्यावर फिरवते. आजीची तिसरी बादली बाल्कनीत आहे, लाल प्लास्टिकची.

नवं पाकीट किंवा नवी बाटली घेण्याआधी, तुमच्या टाकीच्या पाण्यात साबणाचा चुरा टाकून एकदा बाटली हलवून बघा.