दोन आकडे जुळले, आणि वाट चुकली

माळशेजच्या बाजूची एक घाटवाट. कोकणातून नाळेने वर जायचं, ६४० मीटरवर नाळ सोडून डावीकडे आडवं निघायचं, म्हणजे कारवीतून पदरात पोहोचता येतं. तिथं बाण नाही, दगडांची रास नाही. सगळी भिस्त उंचीच्या आकड्यावर, आणि हा आकडा मी नकाशावरच्या समोच्च रेषांवरून काढलेला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा पायथ्याच्या वाडीत सकाळी दहाला घड्याळाची उंची १०० मीटरला लावली. रमतगमत तीनच्या सुमारास आडव्या वाटेशी पोहोचलो तेव्हा घड्याळात ६३६. चार मीटरांचा फरक! त्या दिवसापासून मी त्या घड्याळाचा भक्त झालो, आणि पुढची चूक इथेच सुरू झाली.

दुसऱ्यांदा एप्रिल होता. उन्हाच्या आत वर जायचं म्हणून पहाटे पाचच्या आधीच वाडीत घड्याळ पुन्हा १०० ला लावून निघालो. मित्राला बजावलं होतं, ६४० दिसेपर्यंत वळायचं नाही. साडेनऊच्या सुमारास डावीकडे कारवीत एक फट दिसली. घड्याळात ५९०. मित्र म्हणाला, "अरे, हीच वाटत्ये." मी म्हणालो, "अजून पन्नास मीटर आहेत." तरी खात्रीसाठी त्याचा मोबाइल पाहिला. उपग्रहावरून येणारी उंची, ५७८. घड्याळ हवेचा दाब मोजतं, मोबाइल उपग्रहांपासूनचं अंतर. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. दोन वेगळे साक्षीदार तेच सांगतायत म्हटल्यावर शंका कसली? आम्ही वर चढत राहिलो. घड्याळात ६४० आले तेव्हा समोर नाळेत अडकलेला घराएवढा धोंडा होता आणि दोन्ही अंगांना सरळ कातळ. घसाऱ्यावरून पन्नास मीटर परत उतरताना दोघांचेही गुडघे सोलले. वाट त्या फटीतूनच होती.

दोन्ही साक्षीदार खोटे बोलत होते, प्रत्येक जण आपल्या कारणाने.

आधी घड्याळ. आपल्याकडे हवेचा दाब दिवसातून दोनदा वर जातो आणि दोनदा खाली येतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. वादळ नको, ढग नको, उष्ण कटिबंधात हे रोज घडतं, आणि दहा ते चार या वेळात फरक तीनेक हेक्टोपास्कलचा असतो. सहाशे-सातशे मीटर उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण नऊ मीटर. म्हणजे आपण जागेवर बसून राहिलो तरी दुपारपर्यंत घड्याळ पंचवीस-तीस मीटर 'चढतं'. पहाटे लावलं तर दहापर्यंत तेवढंच 'उतरतं'. खात्री करायला डोंगरात जायची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी घड्याळ टेबलावर ठेवून दहा वाजता आणि चार वाजता बघा. फक्त उपग्रहावरून उंची आपोआप सुधारून घेण्याची सोय आधी बंद करा, नाहीतर ते स्वतःची चूक लपवतं.

दुसरी गोष्ट तापमानाची. घड्याळातलं गणित समुद्रसपाटीला १५ अंश धरतं आणि वर जाताना दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंडी वाढवतं. एप्रिलमध्ये कोकणातली पहाटसुद्धा त्याहून बरीच उबदार. उबदार हवा विरळ, म्हणून तेवढाच दाब कमी व्हायला जास्त चढावं लागतं. प्रमाणित तापमानापेक्षा हवा दहा अंशांनी उबदार असेल तर खऱ्या चढाईतले साधारण साडेतीन टक्के घड्याळ गाळतं. आमच्या चढाईत हवा तेरा-चौदा अंशांनी वर होती. ५४० मीटरच्या चढणीत यामुळे पंचवीसेक मीटर गेले, सकाळी वाढत्या दाबाने आणखी पंचवीसेक. एकूण पन्नास.

मग पहिल्यांदा चार मीटरांत बरोबर कसं आलं? दहा ते तीन दाब उतरत होता, त्यामुळे घड्याळ तीसेक मीटर जास्त दाखवत होतं. दुपारच्या उन्हाने तेवढंच कमी. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि मी श्रेय घड्याळाला दिलं.

मोबाइलची कथा वेगळी. त्याची चूक मला नाळेत कळलीच नाही, कळली ती काही महिन्यांनी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर. ओल्या वाळूत उभा होतो आणि मित्राचं तेच अ‍ॅप उणे ६३ दाखवत होतं. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती लंबगोलापासून. नकाशे मोजतात समुद्रसपाटीपासून. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्याने या दोन पृष्ठभागांत फरक पडतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रसपाटी लंबगोलाच्या शंभर मीटरांहूनही खाली आहे आणि आपल्या सह्याद्रीत साठ मीटरांहून अधिक. काही अ‍ॅप हा फरक स्वतःच जुळवून घेतात, काही जसाच्या तसा आकडा छापतात. मित्राचं अ‍ॅप दुसऱ्या जातीतलं. ओळखायला किनारा हवाच असं नाही. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. फलाटाच्या उघड्या टोकाला, छपराखाली नव्हे, पाच मिनिटं उभं राहून आकडा ताडून बघायचा. साठेक मीटरांचा खड्डा दिसला की अ‍ॅप बदलायचं किंवा तेवढी बेरीज करायची.

बेरीज केली तरी नाळेत मोबाइलवर विसंबत नाही. उपग्रह सगळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात, पायाखालून कोणी मोजत नाही. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा मोठी. नाळेत तर आभाळाची एक पट्टी दिसते आणि संदेश कातळावर आपटून लांबच्या वाटेने येतो. एका जागी उभं असतानाही आकडा वीस-तीस मीटर इकडेतिकडे हलायला लागला की त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. पदरात, घाटमाथ्यावर, चारी बाजू उघड्या असतील तिथे मात्र तो घड्याळाहून भरवशाचा, कारण त्याला वेळेची आणि उन्हाची बाधा नाही.

आता मी घड्याळाला पूर्ण उंची विचारत नाही, फक्त शेवटच्या ओळखीच्या जागेपासूनचा फरक विचारतो. खिंड, देऊळ, पदरातली झाप, ज्याची उंची नकाशावर नक्की आहे तिथे घड्याळ पुन्हा लावायचं. तासाभरात दाब साधारण पाच-सहा मीटरांची चूक घालतो आणि शंभर मीटरच्या टप्प्यात उष्णता चार-पाच मीटरांची. नाळेत शिरताना आपोआप सुधारणा बंद, नाहीतर घड्याळ कातळावरून आपटलेला आकडा खरा मानून स्वतःला बिघडवतं. पावसाळ्यात दाबाच्या छिद्रात चिखल बसला तर आकडा एकदम उडी मारतो किंवा गोठतो. तेव्हा स्वच्छ पाण्याने धुऊन वाळेपर्यंत वाट बघायची, सुईने टोकरायचं नाही.

आणि त्या वाटेच्या टिपणात ६४० खोडून आता असं लिहिलंय: नाळेच्या तोंडाच्या उंबरापासून १८५ मीटर वर, डावीकडे कारवीतली फट.