आमच्या हॉलमधला सोफा

परवा माझी दीड वर्षाची भाची तोंडात काहीतरी चघळत होती. वहिनीने बोट घालून काढलं, तर तपकिरी पापुद्रा! आमच्या सोफ्याचा. चारच वर्षांपूर्वी घेतलेला लेदरेटचा सोफा. त्याच रात्री ठरलं, हा जाणार.

घेताना दादाचं म्हणणं एकच होतं: पोरांनी दूध सांडलं की फडकं फिरवलं, संपलं. ते खरंही होतं. पण लेदरेट म्हणजे चामडं नव्हे. कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. आमच्या सोफ्यावर पॉलियुरेथेनचा होता. गोव्याच्या दमट हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू कमकुवत होतो, घाम आणि डोक्याचं तेल त्यात भर घालतं. म्हणून पापुद्रे आधी डोकं टेकतो तिथे आणि हातांवर सुटले. एकदा सुटू लागले की चिकटवून उपयोग नाही, शेजारचा भागही उठतो. शिवाय एप्रिलच्या दुपारी हाफ पँटमध्ये बसलं की मांड्या चिकटतात, ते वेगळंच.

मग मी कापडी सोफ्याची बाजू घेतली. कापडातून हवा खेळते, अंग चिकटत नाही. आई म्हणाली, "आणि हिने शू केली तर?" मुद्दा बरोबर होता. डाग वरून पुसता येतो, पण ओल खालच्या फोममध्ये उतरते. पावसाळ्यात ती लवकर सुकत नाही आणि वास धरते. कव्हर ठोकून बसवलेलं असेल तर काढून धुताही येत नाही.

शेवटी सुताराला बोलावलं. सागवानी सांगाडा, बसायला पट्ट्या आणि वर सुट्या गाद्या. पट्ट्यांमधल्या फटींतून खालून हवा लागते. गाद्यांना चेनची सुती कव्हरं, प्रत्येकी दोन: एक धुण्यात, एक वापरात. फोमवर आत पातळ वॉटरप्रूफ खोळ. ती थोडी उबदार वाटते, म्हणून फक्त बसायच्या गादीला घातली; पाठीच्या गादीला नाही.

लाकडाचेही दोष आहेतच. कोपरे पोरांच्या कपाळाच्या उंचीवर येतात, म्हणून सुताराला ते रंध्याने गोल करायला लावले. फटींत बोट अडकणार नाही ना, तेही पाहून घेतलं. पांढरट लाकूड मात्र नको म्हणून सांगितलं; सागवानाचा हा बाहेरचा भाग किडीला लवकर बळी पडतो. खाली पिठासारखी भुकटी दिसली की समजावं, कीड लागली. खर्च जास्त झाला, हे दादा अजून ऐकवतो.

काल भाचीने आंब्याचा रस सांडला. वहिनीने कव्हर काढलं, बादलीत टाकलं, दुसरं चढवलं. भाची तोवर उघड्या पट्ट्यांवर बसून बोटं चाटत होती. या वेळी तोंडात फक्त आंबाच होता.