भाडं पाण्यात जातं, मग व्याज कुठं जातं?

माझी भाची आणि तिचा नवरा पुण्यात कोंढव्याला भाड्यानं राहतात. गेल्या महिन्यात दोघं एका फ्लॅटची किंमत घेऊन माझ्याकडं आले. "मामू, दर महिन्याला अठरा हजार पाण्यात चाललेत. त्यापेक्षा हप्ता भरला तर घर तरी आपलं होईल," जावई म्हणाला. बयाणा द्यायला भाचीचे मेहरचे दागिने मोडायचे होते. म्हणून म्हटलं, आधी पाच वर्षांचा हिशोब मांडू.

भाड्याची बाजू सोपी आहे. अकरा महिन्यांचा करार आणि प्रत्येक नव्या करारात साधारण पाच टक्के वाढ. सोयीसाठी ही वाढ वर्षाला धरली, तर अठरा हजारांचं भाडं पाचव्या वर्षी 21,900 च्या आसपास जातं. पाच वर्षांचं एकूण भाडं 11.9 लाख. मधे दोनदा घर बदलावं लागलं तर दलाली, टेम्पो आणि कराराची नोंदणी मिळून 80 हजार. म्हणजे 12.7 लाख. डिपॉझिट परत मिळतं, म्हणून ते धरलं नाही. वाढ दहा टक्के धरली तरी फक्त सव्वा लाखाचा फरक पडतो.

आता फ्लॅट. किंमत 60 लाख. या रकमेच्या घराला बँक 80 टक्क्यांहून जास्त कर्ज देत नाही, म्हणजे 48 लाख कर्ज आणि 12 लाख आपले. साडेआठ टक्के दर, वीस वर्षं मुदत, हप्ता सुमारे 41,650. पाच वर्षांत बँकेला 25 लाख जातात.

जावयाला वाटत होतं की एवढे भरल्यावर कर्ज निम्म्यावर येईल. प्रत्यक्षात 42.3 लाख बाकी राहतात. 25 लाखांपैकी 19.3 लाख व्याज आणि फक्त 5.7 लाख मुद्दल. सुरुवातीला सगळं कर्ज बाकी असतं, म्हणून व्याजही सगळ्यावर लागतं. बँकेकडं परतफेडीचा तक्ता मागा, पहिल्याच पानावर हे दिसतं.

म्हणून भाड्याची तुलना हप्त्याशी करू नये. मुद्दल ही आपली बचत आहे. जे परत येत नाही, ते भाड्याशेजारी मांडावं. व्याज 19.3 लाख, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी 3.9 लाख, सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजारांनी दीड लाख, मालमत्ता कर, रंग, गळती, नळ यांचे 1.2 लाख. बेरीज 25.9 लाख. भाड्याहून 13.2 लाख जास्त.

हे घाट्यात जाऊ नये, तर पाच वर्षांनी तो फ्लॅट किमान 73.2 लाखांना विकला गेला पाहिजे, म्हणजे वर्षाला सुमारे चार टक्के वाढ. हे अशक्य नाही, पण इमारत जुनी होते आणि प्रत्येक गल्लीत भाव चढतोच असं नाही. आजूबाजूच्या पाच वर्षं जुन्या फ्लॅटचे खरे व्यवहार कितीला झाले, ते आधी विचारावं. शिवाय दर बदलता असतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत वाढली.

आपल्या घरात यापुढं रिबाचा प्रश्न येतोच. कुणी मजबुरी म्हणून कर्ज घेतं, कुणी अजिबात घेत नाही. फतवा मी देत नाही. पण जो म्हणतो, भाडं वाया जातं, त्यानं हे 19.3 लाख एकदा मोठ्यानं वाचावेत. तेही भाडंच आहे, घराऐवजी पैशाचं.

तक्त्यात न मावणारी एक गोष्ट मात्र मालकीच्या बाजूनं आहे. नाव ऐकून घर नाकारलं जाण्याचा अनुभव या दोघांना तीनदा आला. मुलांची शाळा दर दोन वर्षांनी बदलायची नसेल, तर त्याची किंमत प्रत्येकानं स्वतः ठरवावी. तेरा लाख त्या निश्चिंतीचे आहेत असं वाटलं, तर घर घ्यावं. मग ते एकट्या भाचीच्या नावावर घ्यावं. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागते. वरच्या हिशोबात मी ती सूट धरली आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. आणि मेहरचं सोनं तिचं आहे, तर घरावर नावही तिचंच हवं.

दोघांनी सध्या भाड्यानंच राहायचं ठरवलंय, पण एका अटीवर. हप्ता आणि देखभालीतून भाडं वजा जाता महिन्याला साधारण पंचवीस हजार उरतात, ते पहिल्या तारखेलाच बाजूला पडले पाहिजेत. पाच वर्षांत ते पंधरा लाख होतात. ते खर्च झाले, तर मात्र जावयाचंच म्हणणं खरं ठरेल.