गॅसच्या कॅप्सूलमधील दुसरे नाव

व्यापाऱ्याच्या गल्ल्यात चिल्लर आणि पावतीपुस्तक यांच्या शेजारी हल्ली आणखी एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे ॲसिडिटीच्या कॅप्सूलची पट्टी. दुपारचे जेवण तीनला, मध्ये चार वेळा चहा, आणि छातीत जळजळले की एक कॅप्सूल. तिला कोणी औषध समजतच नाही.

रत्नागिरीच्या राम आळीतील एका कापड व्यापाऱ्याचे असेच झाले. वय चव्वेचाळीस. डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली कॅप्सूल त्यांनी दोन वर्षे घेतली, कारण जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार पट्टी देत असे. पहिल्या काही महिन्यांतच त्यांची कामेच्छा मंदावली आणि मग जवळजवळ नाहीशीच झाली. पत्नीला वाटले, आपल्यात काही उणे आहे. त्यांना वाटले, वय झाले. दोघेही गप्प राहिले. मधल्या काळात कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी उत्तेजक गोळी घेऊन पाहिली, पण तिचाही फारसा उपयोग झाला नाही. तशी गोळी रक्तप्रवाहाला मदत करते. मुळात इच्छाच नसेल तर ती काय करणार? पुढे छातीच्या बोंडांना हात लागला तरी दुखू लागले, तेव्हा मात्र ते घाबरून डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी साखर, रक्तदाब पाहिला आणि ‘चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या घेऊन या’ असे सांगितले. कॅप्सूलच्या पट्टीमागे बारीक अक्षरांत दोन नावे होती : राबेप्राझोल २० मि.ग्रॅ. आणि लेव्होसल्पिराइड ७५ मि.ग्रॅ.

पहिले नाव आम्ल कमी करणाऱ्या औषधाचे. त्याच्यावर या बाबतीत सहसा संशय घेतला जात नाही. दुसरे औषध जठर लवकर रिकामे व्हावे म्हणून त्यात मिसळलेले असते. पुष्कळ पट्ट्यांवर त्याच्या जागी डॉम्पेरिडोन असते. या दोन्ही औषधांचे काम डोपामाइन या रसायनाला अडवण्याचे. परंतु मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीला ‘प्रोलॅक्टिन कमी सोड’ असे बजावणाराही तोच डोपामाइन! हा पहारेकरी अडला की प्रोलॅक्टिन वाढते. स्त्रीच्या अंगावर दूध आणणारे हे संप्रेरक पुरुषात वाढले, तर मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश क्षीण होतो आणि टेस्टोस्टेरॉन घटते.

सकाळी, थोडा विसावा दिल्यावर रक्त घेतले, कारण नुसत्या ताणानेही प्रोलॅक्टिन वाढते. अहवालात ते सामान्य मर्यादेच्या चौपट निघाले, टेस्टोस्टेरॉन कमी. डॉक्टरांनी ती कॅप्सूल बंद करून एकाच घटकाची साधी गोळी दिली, तीही हळूहळू कमी करण्यासाठी. कारण दीर्घकाळ घेतलेली आम्लरोधक गोळी एकदम सोडली तर काही दिवस जळजळ उलट उसळते. तीन आठवड्यांनी प्रोलॅक्टिन मर्यादेत आले. इच्छा परतायला त्याहून थोडा अधिक वेळ लागला. औषध थांबवूनही प्रोलॅक्टिन चढेच राहिले असते, किंवा डोकेदुखी आणि नजरेत अंधारी असती, तर पिच्युटरीवर गाठ आहे का, हे पाहावे लागले असते.

आम्लाच्या औषधाने असे होणे हे नवेही नाही. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडिन आले, अल्सरच्या कित्येक रुग्णांची शस्त्रक्रिया त्याने टाळली. पण मोठ्या मात्रेत ते पुरुषी संप्रेरकाचीच वाट अडवते आणि छाती सुजते, हे पुढे लक्षात आले. डॉम्पेरिडोनवर तर युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ साली हृदयाच्या ठोक्यांना असलेल्या धोक्यामुळे सहसा एका आठवड्याची मर्यादा सुचवली. आपल्याकडे तेच औषध वर्षानुवर्षे गल्ल्यात पडून असते!

या व्यापाऱ्यांच्या थोरल्या बंधूंची हकीकत मात्र वेगळी. त्यांना सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड महिनोन्‌महिने चालू होते. धाकट्याचे ऐकून त्यांनीही आपली गोळी त्याच दिवशी सोडायचे ठरवले. ते घातक ठरले असते. स्टिरॉइडही मेंदूचा वृषणांकडे जाणारा संदेश दाबते, त्यामुळे पुरुषशक्ती उणावते, हे खरे. परंतु ते मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींनाही झोपवते. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेली गोळी एकाएकी थांबली, तर शरीराला स्वतःचे स्टिरॉइड वेळेवर तयार करता येत नाही. उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून त्यांची मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने, काही महिने लावून उतरवली. सांधेदुखीवर बिनानावाच्या पुड्या घेणाऱ्यांची अडचण याहून मोठी, कारण त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असले तरी घेणाऱ्याला ते ठाऊकच नसते. चेहरा चंद्रासारखा गोल होऊ लागला, भूक आणि साखर वाढली, तर ती पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे. ती फेकून देऊन नव्हे.