एकशे आठ खुणांत दवाखाना

सुकापूरच्या माथेरान रोडवरचा एक छोटा बालरोग दवाखाना. त्याच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा गूगलवर नावाखाली दिसणारे वर्णन असे सुरू होत होते: ‘आमच्या क्लिनिकमध्ये आपले सहर्ष स्वागत आहे. अनुभवी डॉक्टर, अत्याधुनिक सुविधा आणि आपुलकीची सेवा हे आमचे वैशिष्ट्य.’ त्यापुढे गाव, लसीकरण, वेळा असे सगळे होते. पण मोबाइलवर तिथपर्यंत पोहोचण्याआधीच तीन टिंबे येत होती. तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन शोधणाऱ्या आईला स्वागत दिसत होते, पत्ता नाही.

गूगलने या वर्णनाला ठरावीक अक्षरमर्यादा घातलेली नाही. पडद्यावरच्या रुंदीप्रमाणे मजकूर कापला जातो. रोमन लिपीसाठी आम्ही संगणकावर साधारण १५५ आणि मोबाइलवर १२० खुणांचा अंदाज धरतो. देवनागरीत हा अंदाज आणखी सैल पडतो. ‘क्लिनिक’ वाचताना तीन अक्षरे दिसतात. मोजणारे साधन मात्र काना-मात्रा, वेलांटी, हलंत वेगळे धरून सात मोजते. म्हणून आकड्यावर विसंबत नाही, प्रत्यक्ष फोनवर पाहतो.

वरची दोन वाक्ये मोजली तर ११२ खुणा भरतात. तेवढ्याच जागेत मी हे बसवले:

```html
<meta name="description" content="सुकापूर, माथेरान रोड येथे बालरोग क्लिनिक. मुलांची तपासणी व लसीकरण. सोम-शनि सकाळी १० ते १, संध्याकाळी ६ ते ९.">
```

या १०८ खुणा. क्रम महत्त्वाचा: आधी ठिकाण, मग कशाचा दवाखाना, मग काय मिळते, शेवटी वेळ. शेपूट कापले गेले तर वेळ जाईल, ठिकाण राहील. वेळा वारंवार बदलत असतील तर त्या इथे लिहूच नयेत. जुनी वेळ वाचून कुणी बंद दारापाशी येऊ नये. ‘सर्वोत्तम’, ‘खात्रीशीर’ हे शब्दही नकोत. जाहिरात करून रुग्ण मिळवणे वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारनियमांत अनैतिक मानले आहे.

इतके करूनही गूगल आपले वर्णन दाखवीलच असे नाही. शोधलेल्या शब्दांना पानावरचा दुसरा मजकूर जास्त जुळला, तर तोच उचलला जातो. अनेक पालक रोमन लिपीत ‘child doctor sukapur’ असे टाइप करतात, आणि मराठी वर्णन तिथे मागे पडू शकते. म्हणून बदल केल्यावर सर्च कन्सोलमधून पान पुन्हा तपासण्याची विनंती करावी आणि काही दिवसांनी दोन्ही लिप्यांत शोधून पाहावे. वेगळाच तुकडा दिसला, तर तो पानावर कुठून आला ते शोधायचे आणि पानाच्या पहिल्याच परिच्छेदात ठिकाण, सेवा आणि वेळ साध्या वाक्यांत लिहायची, गरज पडल्यास इंग्रजीतही. गूगलने स्वतः तुकडा निवडला, तरी निवडायला योग्य मजकूर समोर असतो.