भिंतीचा हिशेब

वॉलपेपरचे रोल किती लागतील, असे लग्नघरी कुणी विचारले की आम्ही क्षेत्रफळ बाजूला ठेवून पट्ट्या मोजतो. कारण कागद भिंतीवर चढतो तो छतापासून जमिनीपर्यंतच्या अखंड पट्ट्यांनी.

४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.४० मीटर उंच अशी खोली घेऊ. भिंतींचा घेर १४ मीटर. रोल ५३ सेंटिमीटर रुंद व १०.०५ मीटर लांब. दारे-खिडक्या वजा न करता २७ पट्ट्या होतात. छाटणीसाठी १० सेंटिमीटर धरता पट्टी २.५० मीटरची. साध्या कागदाच्या रोलातून अशा चार निघतात. ७ रोल पुरतात. क्षेत्रफळानेही उत्तर ७ च येते.

परंतु नक्षी दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येत असेल, तर शेजारच्या पट्टीशी फुलाला फूल जुळावे म्हणून प्रत्येक पट्टीसाठी नक्षीची चार आवर्तने, म्हणजे २.५६ मीटर कागद धरावा लागतो. मग रोलातून तीनच पट्ट्या निघतात आणि ९ रोल लागतात. केवळ सहा सेंटिमीटरांनी दोन रोल वाढतात!

हे दोन मागाहून आणले आणि त्यांचा छपाईचा बॅच क्रमांक निराळा निघाला, तर छटेतील फरक उजेडात उघडा पडतो. म्हणून सारे रोल एकदमच, एकाच क्रमांकाचे घ्यावेत.